तीन कोटेशन्स, एकच भाव: ग्रुप मेडिक्लेमच्या रिन्युअलची मेल कशी वाचायची

पॉलिसी ३० जूनच्या मध्यरात्री संपणार असेल तर ब्रोकरची मेल साधारण जूनच्या पहिल्या पंधरवड्यात येते. मेलमध्ये आठ-दहा ओळी आणि सोबत एक एक्सेल शीट. शीटमध्ये डावीकडे अटी, उजवीकडे तीन विमा कंपन्यांचे तीन रकाने आणि सगळ्यात खाली ठळक अक्षरांत हप्ता. मेलचा शेवट ठरलेला असतो: 'वरील तुलनेनुसार आम्ही अमुक कंपनीची शिफारस करतो. कृपया लवकर मंजुरी कळवावी.' ही मेल एचआरकडून अकाउंट्सकडे आणि तिथून डायरेक्टरसाहेबांकडे जाते, आणि प्रत्येक टेबलावर वाचणाऱ्याची नजर थेट खालच्या ओळीवर पडते.

मी बरीच वर्षं ब्रोकरच्या बाजूने अशा मेल्स लिहिल्या आहेत. खालची एक ओळ आणि वरच्या पंचवीस ओळी यांचं नातं काय, हे मेलमध्ये नीट लिहिलेलं क्वचितच असतं. त्याची किंमत शेवटी ज्याची आई किंवा वडील हॉस्पिटलात आहेत त्या माणसाला मोजावी लागते. म्हणून एक उदाहरण घेऊन पूर्ण हिशेब मांडतो. कंपनी आणि आकडे समजावण्यासाठी बेतलेले आहेत. हिशेबाची रीत मात्र रोजच्या कामातलीच आहे.

समजा, चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणारी कंपनी आहे. ग्रुप मेडिक्लेममध्ये ४०० कर्मचारी आहेत. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेले कामगार ईएसआयसीत जातात, त्यामुळे ते या ४०० मध्ये धरलेले नाहीत. प्रत्येक कुटुंबाला ३ लाखांचं संरक्षण आहे, आणि त्यात नवरा-बायको, दोन मुलं आणि आईवडील आहेत. सगळे मिळून १,५०० जीव. गेल्या वर्षीचा हप्ता जीएसटी सोडून ८० लाख.

ब्रोकरच्या मेलमध्ये पहिला परिच्छेद क्लेमचा असतो. आपल्या उदाहरणात तो असा आहे: '३० एप्रिलअखेर दिलेले क्लेम ५८ लाख, प्रलंबित ८ लाख, क्लेम रेशो ९९ टक्के.' इथे अकाउंट्समधून हमखास प्रश्न येतो. ८० लाख हप्ता भरला आणि ५८ लाखांचे क्लेम मिळाले, म्हणजे प्रमाण साडेबहात्तर टक्के झालं. मग हे ९९ टक्के आले कुठून, आणि हप्ता वाढवायचं कारण काय?

प्रश्न रास्त आहे, पण त्या भागाकारात दोन चुका आहेत. पहिली, हप्ता बारा महिन्यांचा आहे आणि क्लेम दहाच महिन्यांचे आहेत. ३० एप्रिलपर्यंत विमा कंपनीने ८० लाखांपैकी दहा महिन्यांचा भाग, म्हणजे सुमारे ६६ लाख ६७ हजारच 'कमावलेले' असतात. उरलेले दोन महिने तिला अजून जोखीम घ्यायची आहे. दुसरी, प्रलंबित ८ लाख हेही देणंच आहे. पेशंट अॅडमिट झालेला आहे, कागद टीपीएकडे आहेत, फक्त पैसे जायचे बाकी आहेत. त्यामुळे ५८ अधिक ८ असे ६६ लाख, भागिले ६६ लाख ६७ हजार, म्हणजे ९९ टक्के. टीपीए म्हणजे विमा कंपनीच्या वतीने क्लेमचे कागद तपासणारी आणि हॉस्पिटलला कॅशलेसची मंजुरी देणारी संस्था. क्लेमची यादी तिच्याकडूनच येते.

आता पुढच्या वर्षी विमा कंपनीला किती पैसे लागतील, ते काढू. दहा महिन्यांत ६६ लाख, तर बारा महिन्यांत ७९ लाख २० हजार. उपचार होऊन गेले आहेत पण बिलं अजून टीपीएकडे पोचलेली नाहीत, असे काही क्लेम नेहमी असतात. त्यांच्यासाठी ३ टक्के धरले की रक्कम ८१ लाख ६० हजारांच्या आसपास जाते. हॉस्पिटलचे दर वर्षागणिक वाढतात. त्यासाठी १० टक्के धरले तर सुमारे ८९ लाख ७० हजार. हा झाला निव्वळ उपचारांचा खर्च. विमा कंपनीचा स्वतःचा खर्च, टीपीएची फी, ब्रोकरची दलाली आणि थोडा नफा हे हप्त्याच्या १५ टक्क्यांत बसवायचं म्हटलं, तर ८९ लाख ७० हजार हे हप्त्याचे ८५ टक्के झाले पाहिजेत. म्हणजे हप्ता हवा साधारण १ कोटी साडेपाच लाख.

हा आकडा मेलमध्ये नसतो. तो ब्रोकरकडून मागून घ्या, किंवा वरच्या रीतीने स्वतः काढा. ३, १० आणि १५ हे टक्के प्रत्येक विमा कंपनी आपापल्या अंदाजाने वर-खाली धरते, त्यामुळे उत्तर लाख-दोन लाखांनी बदलेल. पण हा आकडा हातात असला की तीन कोटेशन्सकडे बघण्याची नजरच बदलते. मी त्याला 'खरी गरज' म्हणतो.

आता ती तीन कोटेशन्स. पहिलं आहे सध्याच्याच विमा कंपनीचं: अटी जशाच्या तशा, हप्ता १ कोटी ४ लाख. दुसरं दुसऱ्या कंपनीचं: बाकी सगळं तेच, पण आईवडिलांच्या क्लेमवर १० टक्के को-पे, हप्ता ९८ लाख. तिसरं आणखी एका कंपनीचं: आईवडिलांवर २० टक्के को-पे, शिवाय रूम रेंटला दिवसाला विमा रकमेच्या १ टक्क्याची, म्हणजे ३,००० रुपयांची मर्यादा, हप्ता ८४ लाख. ग्रुप पॉलिसीवर १८ टक्के जीएसटी असतो. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी गेला, पण ती सूट ग्रुपला मिळाली नाही. जीएसटी धरून पहिलं कोटेशन १ कोटी २३ लाखांच्या जवळ जातं आणि तिसरं ९९ लाखांवर थांबतं. डायरेक्टरसाहेबांना 'एक कोटीच्या आत' हे शब्द फार आवडतात. तिथेच बहुतेक वेळा निर्णय होऊन जातो.

को-पे समजायला सोपा आहे. मंजूर बिलातला ठरलेला हिस्सा कर्मचाऱ्याने भरायचा. रूम रेंटची मर्यादा तशी सोपी नाही, आणि मला सगळ्यात जास्त काळजी याच ओळीची वाटते. वाचणाऱ्याला वाटतं, खोली ६,००० ची घेतली आणि मर्यादा ३,००० असली तर दिवसाला ३,००० खिशातून जातील. चार दिवसांचे १२,०००, एवढं तर सोसेल. प्रत्यक्षात तसं होत नाही. हॉस्पिटलचे बरेचसे दर खोलीच्या वर्गावर ठरतात. वरच्या वर्गाची खोली घेतली की सर्जनची फी, ऑपरेशन थिएटर, भूल देणारे डॉक्टर, नर्सिंग, सगळ्याचा दर चढतो. म्हणून विमा कंपनी म्हणते, हक्काच्या खोलीचं आणि घेतलेल्या खोलीचं जे प्रमाण, त्याच प्रमाणात हे सगळे खर्चही देऊ. याला प्रपोर्शनेट डिडक्शन म्हणतात.

एक बिल उलगडून बघू. आपल्या कंपनीतल्या एका सुपरवायझरच्या आईचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. चार दिवस मुक्काम, खोली दिवसाला ६,००० रुपये. एकूण बिल १ लाख ८० हजार. त्यात खोलीचे २४ हजार. सर्जन, थिएटर, भूल आणि नर्सिंग मिळून ८६ हजार. औषधं आणि ऑपरेशनचं साहित्य ४० हजार. तपासण्या ३० हजार.

पहिल्या कोटेशनखाली हे बिल पूर्ण मंजूर होतं. (नोंदणी फी वगैरे किरकोळ न मिळणाऱ्या बाबी मी इथे सोडून दिल्या आहेत.) दुसऱ्याखाली १० टक्के को-पे, म्हणजे सुपरवायझरने १८ हजार भरायचे. तिसऱ्याखाली हिशेब वेगळा होतो. हक्काची खोली ३,००० ची, घेतलेली ६,००० ची, म्हणजे प्रमाण निम्मं. खोलीचे २४ पैकी १२ हजार मंजूर. सर्जन, थिएटर, भूल, नर्सिंग यांच्या ८६ पैकी ४३ हजार मंजूर. औषधं, साहित्य आणि तपासण्या यांना ही कात्री लागत नाही. २०२० मध्ये आयआरडीएआय या विमा नियामक संस्थेने ते स्पष्ट केलं, आयसीयूच्या आकारावरही ती लावता येत नाही, त्यामुळे ते ७० हजार पूर्ण मंजूर. बेरीज १ लाख २५ हजार. त्यातून २० टक्के को-पेचे २५ हजार वजा. विमा कंपनी देणार १ लाख, आणि सुपरवायझर भरणार ८० हजार.

आईला घरी न्यायच्या दिवशी, बिलिंग काउंटरवर उभं राहून, त्याला हे ८० हजार कळतात. तो एचआरला फोन करतो: 'मॅडम, तीन लाखांची पॉलिसी आहे ना आपली? मग एक लाखच कसे मंजूर झाले?' त्या क्षणी एचआरकडे द्यायला उत्तर नसतं, कारण 'रूम रेंट १ टक्का' ही शीटमधली सातवी ओळ मंजुरीच्या वेळी कुणी वाचलेली नसते.

ज्या हॉस्पिटलात सगळ्या वर्गांना एकच दर आहे तिथे ही कात्री लावता येत नाही, हेही त्याच नियमात आहे. पण पुण्यातल्या मोठ्या खाजगी हॉस्पिटलांत खोलीप्रमाणे दर बदलणं नेहमीचं आहे, तेव्हा त्या सवलतीवर विसंबून राहू नका. आणि कर्मचाऱ्याने ३,००० चीच खोली घ्यावी, हे म्हणणं सोपं आहे. रात्री अकरा वाजता आईला घेऊन गेल्यावर जी रिकामी असेल ती खोली घ्यावी लागते.

एका बिलावरून धोरण ठरवू नये, हेही खरं आहे. म्हणून ब्रोकरला सांगायचं काम पुढचं आहे, आणि या लेखातली सगळ्यात उपयोगाची गोष्ट तीच: गेल्या दहा महिन्यांतले सगळे क्लेम घ्या आणि प्रत्येक कोटेशनच्या अटी त्यांना लावून बघा. टीपीएकडे क्लेमची ओळीओळीची यादी असते. आमच्याकडे तिला 'क्लेम डंप' म्हणतात. त्यात नातं, आजार, हॉस्पिटल, मागितलेली रक्कम आणि मंजूर रक्कम असते. खोलीचा दर आणि बिलाची फोड यादीत नसेल तर मोठ्या बिलांची वेगळी मागवावी लागते. यादी एचआरकडे देताना कर्मचाऱ्यांची नावं काढून टाका. कुणाच्या घरात काय आजार आहे हे ऑफिसात फिरता कामा नये. सगळं हाताशी असेल तर हे काम एखाद-दोन दिवसांत होतं. ब्रोकरने ते आपणहून करून द्यावं असं मला मनापासून वाटतं. दलाली त्याला त्यासाठीच मिळते.

आपल्या कंपनीत ६६ लाखांपैकी ३८ लाख आईवडिलांच्या क्लेमचे आहेत आणि २८ लाख बाकीच्यांचे. दुसऱ्या कोटेशनच्या अटी लावल्या तर ३८ चे ३४ लाख २० हजार होतात आणि एकूण ६२ लाख २० हजार. तिसऱ्याच्या अटी लावताना आधी रूम रेंटची कात्री. यादीतले खोल्यांचे दर बघता ती सरासरी १२ टक्के बसते असं धरू. आईवडिलांचे ३८ चे साधारण ३३ लाख ४० हजार झाले, बाकीच्यांचे २८ चे २४ लाख ६० हजार. मग आईवडिलांच्या रकमेवर २० टक्के को-पे, उरले २६ लाख ७० हजार. एकूण ५१ लाख ३० हजार. म्हणजे जिथे आज विमा कंपनीने ६६ लाख दिले, तिथे तिसऱ्या कंपनीने त्याच आजारांसाठी, त्याच पेशंटसाठी ५१ लाख दिले असते. उरलेले पंधरा लाखांच्या जवळपास पैसे घरच्यांनी भरले असते.

आता मघाची 'खरी गरज' काढायची रीत प्रत्येक कोटेशनला लावू. पहिल्याची गरज १ कोटी साडेपाच लाख, त्याने मागितले १ कोटी ४ लाख. दुसऱ्याची गरज काढली तर ती येते ९९ लाख ५० हजार, त्याने मागितले ९८ लाख. तिसऱ्याची गरज येते सुमारे ८२ लाख, आणि त्याने मागितले ८४ लाख.

हे आकडे जरा थांबून बघा. जे कोटेशन २० लाखांनी स्वस्त दिसत होतं, ते जेवढं देतं त्या मानाने तिन्हींत किंचित महागच आहे. तिघांनी भाव जवळपास एकच लावला आहे. मापात जिन्नस कमी-जास्त आहे. १ कोटी ४ लाखांचं पोतं भरलेलं आहे, ८४ लाखांचं पाऊण. अंदाजाचे टक्के बदलले तर हा लाख-दीड लाखाचा फरक इकडचा तिकडे होईल, त्यामुळे 'महाग' या शब्दावर मी फार जोर देणार नाही. पण 'वीस लाख वाचले' हे वाक्य मात्र खोटं ठरतं. ते वीस लाख कंपनीच्या खात्यातून निघून कर्मचाऱ्यांच्या खिशावर गेले. तेही सगळ्या ४०० जणांवर सारखे वाटले गेले नाहीत. ज्यांच्या घरी त्या वर्षी आजारपण आलं, त्यांच्यावरच ते पडले.

याउलट कधी कधी असं कोटेशन येतं की अटी जशाच्या तशा आणि हप्ताही ८४ लाख. तेव्हा खरी गरज १ कोटी साडेपाच लाख असताना मधले एकवीस लाख कुठे गेले, हा प्रश्न विचारावा लागतो. उत्तर बहुतेक वेळा एकच असतं: विमा कंपनीला नवीन ग्राहक हवा आहे आणि पहिल्या वर्षी तोटा सोसायची तिची तयारी आहे. वर्षभर कर्मचाऱ्यांचं काही बिघडत नाही. पण वर्षाअखेरीला क्लेम रेशो शंभराच्या पुढे जातो आणि पुढच्या जूनमध्ये हप्ता एकदम उडी मारतो. असं कोटेशन घेऊच नये असं मी म्हणणार नाही. घेतलं तर पुढच्या वर्षीच्या बजेटमध्ये ती उडी आजच लिहून ठेवावी आणि अकाउंट्सला तसं कळवावं.

आता शिफारशीकडे येऊ. आपल्या उदाहरणात ब्रोकर दुसरं कोटेशन सुचवतो, आणि माझंही मत तेच आहे, पण कारण मेलमध्ये लिहिलेलं नाही ते आहे. मेल म्हणते 'हप्ता आणि लाभ यांचा योग्य समतोल.' हे वाक्य कुठल्याही कोटेशनखाली चिकटवता येतं. खरं कारण आकड्यांत आहे. पहिल्या आणि दुसऱ्यात ६ लाखांचा फरक, जीएसटी धरून ७ लाखांच्या थोडा वर. १० टक्के को-पेमुळे पुढच्या वर्षी सगळ्या कुटुंबांवर मिळून साधारण ५ लाखांचा भार येईल. म्हणजे कंपनीने ठरवलं तर हे ५ लाख स्वतः बाजूला ठेवून, ज्याला को-पे जड जाईल त्याला मदत करूनही तिचे दोनेक लाख उरतात. कारण लहान आणि ठरलेल्या रकमांचा विमा घेतला की त्यावर विमा कंपनीचा खर्च आणि जीएसटी दोन्ही भरावे लागतात. अशी मदत पगारात धरली जाऊन करपात्र ठरू शकते, ते अकाउंट्सने आधी तपासून घ्यावं. तिसऱ्या कोटेशनला हा मार्ग नाही. तिथला भार दहा-वीस हजारांचा राहत नाही. एकेका कुटुंबावर ऐंशी हजार, लाख असा येऊन पडतो आणि तो कुणावर येईल हे आधी सांगता येत नाही. असा भार सगळ्यांनी मिळून वाटून घ्यायचा म्हणून तर विमा काढतात.

ब्रोकरच्या शिफारशीवर विश्वास किती ठेवायचा, हा प्रश्न मला बरेच जण दबक्या आवाजात विचारतात. तो उघडपणे विचारावा. कायद्याने ब्रोकर ग्राहकाचा प्रतिनिधी असतो. एजंट असतो विमा कंपनीचा. पण ब्रोकरची दलाली विमा कंपनीच देते, आणि ती हप्त्याच्या टक्क्यांत असते. त्यामुळे महाग कोटेशनची शिफारस त्याच्या फायद्याची असू शकते, आणि तिघांचे टक्के वेगळे असतील तर स्वस्ताचीही. मेलला उत्तर देताना एकच ओळ लिहा: 'तिन्ही कोटेशन्सवर आपल्याला किती टक्के दलाली मिळेल, ते कृपया कळवावं.' चांगला ब्रोकर याने दुखावत नाही. जो टाळाटाळ करतो त्याचा क्लेमचा हिशेबही एकदा तपासून बघावा.

एवढं झाल्यावर अकाउंट्सकडून एक सूचना येतेच: 'आईवडिलांमुळेच खर्च होतोय ना? मग त्यांना ऐच्छिक करा. ज्याला हवं तो स्वतःच्या पगारातून हप्ता भरेल.' ऐकायला न्याय्य वाटतं. पण ऐच्छिक केलं की ज्यांचे आईवडील ठणठणीत आहेत ते पैसे भरत नाहीत, आणि ज्यांच्या आईचं डायलिसिस चालू आहे ते नक्की भरतात. ४०० जणांत वाटली जाणारी जोखीम ९० जणांवर येते आणि ते ९० जण बहुतेक आजाऱ्यांच्या घरचेच असतात. दुसऱ्या वर्षी हप्ता वाढतो, त्यातले बरे असलेले आणखी काही जण बाहेर पडतात, तिसऱ्या वर्षी पुन्हा वाढतो. आईवडिलांचा खर्च आवरायचाच असेल तर सगळ्यांना आत ठेवून थोडा को-पे लावणं जास्त टिकतं. दुसऱ्या कोटेशनच्या बाजूने मी बोलतो त्यामागे हेही एक कारण आहे.

दुसरं कोटेशन घ्यायचं तर विमा कंपनी बदलते, आणि बहुधा टीपीएही बदलतो. ग्रुप पॉलिसीत जुन्या आजारांचा आणि बाळंतपणाचा प्रतीक्षा काळ सहसा माफ केलेला असतो, त्यामुळे कंपनी बदलली तरी साखर किंवा बीपी असलेल्या माणसाची अडचण होत नाही. तशी माफी नव्या कोटेशनमध्ये स्पष्ट लिहिलेली आहे ना, एवढं पाहा. हॉस्पिटलांची यादी मात्र नव्याने तपासावी लागते. पुणे शहरातली मोठी हॉस्पिटलं असतील. चाकण, राजगुरुनगर, भोसरी इथली, जिथे तुमची माणसं प्रत्यक्ष जातात ती आहेत का, ते बघा. गेल्या वर्षभराच्या क्लेम यादीतली पहिली पंधरा हॉस्पिटलं काढा आणि नव्या यादीशी जुळवा. बाकी ओळी, म्हणजे रुग्णवाहिकेचे किती, दात-डोळ्यांचं काय, यांत तिन्हींत फारसा फरक नसतो आणि पैसेही फार नसतात. तिथे वेळ घालवू नका. मोतीबिंदू आणि गुडघ्याच्या ऑपरेशनला वेगळी मर्यादा घातली आहे का, तेवढं मात्र बघा, कारण आईवडील असलेल्या पॉलिसीत हेच क्लेम वारंवार येतात.

घासाघीस कशावर करायची, तेही सांगतो. हप्त्यातून लाख-दोन लाख कमी करून घ्यायला सगळे धडपडतात. त्याऐवजी दोन गोष्टी मागा. एक, को-पेला कमाल रकमेची मर्यादा, म्हणजे १० टक्के पण एका क्लेमला २५ हजारांपेक्षा जास्त नाही. दोन, कॉर्पोरेट बफर, म्हणजे एखाद्या कुटुंबाचे ३ लाख संपले तर वापरायला कंपनीच्या हाती राहणारी वेगळी रक्कम, समजा १० लाख. विमा कंपनीला या गोष्टी हप्ता कमी करण्यापेक्षा सोप्या जातात, आणि कठीण प्रसंगी कर्मचाऱ्याला त्यांचाच आधार होतो. रूम रेंटची मर्यादा कुठल्याही कोटेशनमध्ये असेल आणि ती काढायला कंपनी तयार नसेल, तर निदान प्रपोर्शनेट डिडक्शन माफ करून घ्या. मग जादा खोलीभाड्यापुरताच फरक कर्मचाऱ्यावर राहतो. आपल्या सुपरवायझरच्या बिलात एवढ्याने ४३ हजारांची कात्री वाचली असती.

शेवटी तारखांचं गणित. तिन्ही कोटेशन्स ३० एप्रिलच्या क्लेमवर दिलेली आहेत. मे-जूनमध्ये मोठे क्लेम आले तर विमा कंपनी कोटेशन बदलू शकते, आणि कुठल्या तरी ओळीत तसं लिहिलेलं असतं. म्हणून मंजुरी जितकी लवकर तितकी बरी. विमा कायद्याच्या ६४-व्हीबी कलमाप्रमाणे हप्ता मिळाल्याशिवाय विमा कंपनीला जोखीम घेता येत नाही. मंजुरीची मेल गेली, डायरेक्टरसाहेबांची सही झाली, पण पैसे १ जुलैला सकाळी अकरा वाजता पोचले, तर मधल्या अकरा तासांत अॅडमिट झालेल्या माणसाला विमा नाही. पेमेंट २८ जूनपर्यंत करा आणि बँकेचा यूटीआर नंबर ब्रोकरला मेलवर कळवा. ३० तारखेला कुणी हॉस्पिटलातच असेल तर तो क्लेम साधारणपणे दाखल झालेल्या तारखेच्या पॉलिसीत, म्हणजे जुन्या कंपनीकडे जातो. ते जुन्या टीपीएकडून लेखी घेऊन ठेवा.

पॉलिसीचा कागद हातात आला की मंजूर कोटेशन शेजारी ठेवून ओळ न ओळ ताडून बघा. कोटेशनमध्ये 'को-पे कमाल २५ हजार' असतं आणि पॉलिसीत नुसतं 'को-पे १० टक्के' छापून येतं, असं मी एकापेक्षा जास्त वेळा पाहिलं आहे. जुलैच्या पहिल्या आठवड्यात हे सापडलं तर एका मेलवर दुरुस्ती होते. नोव्हेंबरमध्ये कुणाच्या तरी वडिलांच्या अँजिओप्लास्टीच्या वेळी सापडलं, तर दुरुस्ती होईपर्यंत ते पैसे त्याच्याच खिशातून गेलेले असतात.